मेलची साखळी लांबली की काय करायचं: दहा मिनिटांचा फोन आणि त्याआधीचा एक नीट मेल

समजा, हिंगणा एमआयडीसीत लोणचं भरणारा एक कारखाना आहे. त्याचे खोके बुटीबोरीला बनतात आणि तयार माल वाडीच्या गोदामात पॅलेटवर रचला जातो. नवीन बरणीसाठी नवीन खोका करायचा आहे आणि त्याची खरेदीची ऑर्डर, म्हणजे पीओ, निघाली आहे. तुम्ही कारखान्यात डिस्पॅच सांभाळता आणि गेला आठवडाभर हे मेल तुमच्या इनबॉक्समध्ये येताहेत.

> खरेदी विभाग: माप ४०० × ३०० कन्फर्म आहे. कृपया पुढे जावे.
>
> बुटीबोरी: नोंद घेतली. ४०० × ३००, ५ प्लाय. सॅम्पल सोमवारी वाडीला पाठवतो.
>
> वाडी: सॅम्पल मिळाले. खोके पॅलेटच्या बाहेर येत आहेत. माप चुकले आहे.
>
> बुटीबोरी: मॅडम, सॅम्पल मोजूनच पाठवले होते. माप पीओप्रमाणे आहे. फोटो जोडला आहे.
>
> खरेदी विभाग: गोदामाने कृपया पुन्हा मोजावे.
>
> वाडी: पुन्हा मोजले. ४१४ येत आहे.
>
> बुटीबोरी: ४०० च आहे. खालचा मेल पाहावा.

यानंतर वाडीवाल्यांनी त्यांच्या मॅनेजरना सीसीत घेतलं, मग बुटीबोरीनेही त्यांच्या साहेबांना घेतलं. सुरात थोडी धार आली. छपाई थांबली आहे आणि नवीन बरण्या भरायची तारीख जवळ येते आहे.

या साखळीत खोटं कुणीच बोलत नाही, मोजायला चुकलेलंही कुणी नाही. बुटीबोरीने खोका आतून ४०० मिलिमीटर केला, कारण खोकेवाल्यांकडे माप सहसा आतून धरतात. वाडीवाल्यांनी टेप बाहेरून लावली, कारण पॅलेटवर खोक्याची बाहेरची बाजूच टेकते. ५ प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, पुठ्ठा साधारण ७ मिलिमीटर जाड असतो. दोन्ही बाजूंचा मिळून १४ होतो, म्हणून आतून ४०० असलेला खोका बाहेरून ४१४ भरतो.

## साखळी फोनवर न्यायची वेळ कशी ओळखायची

बरेच जण मेल किती झाले ते मोजतात. पाच झाले, सात झाले, आता फोन करू. पण हा निकष फसवा आहे. गाडी कधी सुटली, ट्रान्सपोर्टच्या पावतीचा एलआर नंबर काय, बिल पोचलं का, अशा प्रश्नांचे वीस मेल झाले तरी मेलवरच बरे, कारण प्रत्येक उत्तर आपल्यापुरतं पूर्ण असतं. उलट तिसऱ्याच मेलला फोन उचलावा अशाही साखळ्या असतात.

पाहायचं ते हे: येणाऱ्या उत्तराने प्रश्न मिटतो आहे, की त्यातून दुसऱ्या माणसासाठी नवा प्रश्न उभा राहतो आहे?

वरच्या साखळीवर एक चाचणी करून पाहा. असा एक प्रश्न लिहायचा प्रयत्न करा, जो एकाच माणसाला विचारला आणि त्याने उत्तर दिलं की विषय संपला. तसा प्रश्न सापडला तर फोनची गरज नाही, तोच प्रश्न मेलने पाठवा. इथे वाटेल की सापडला: "४०० आतून की बाहेरून?" समजा खरेदीच्या मॅडम म्हणाल्या, "बाहेरून." मग आतलं माप ३८६ × २८६ उरतं. त्यात बरण्या बसतील का? ते बरणीच्या व्यासावर आहे आणि तो कारखान्याला माहीत. बसत नसतील तर पुठ्ठा पातळ घेता येईल का? ते बुटीबोरीला माहीत. पातळ पुठ्ठ्याचे खोके एकावर एक किती थर रचता येतील? ते वाडीला माहीत. आणि थर कमी झाले तर ते परवडतं का, हे पुन्हा मॅडमना ठरवायचं. एका उत्तरातून चार फेऱ्या निघाल्या. मेलवर एकेका फेरीला अर्धा दिवस धरला, तरी दोन दिवस गेले.

तीन माणसांकडे तीन तुकडे आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अडलेलं आहे. अशी गाठ दिसली की मेल थांबवायचा.

ही गाठ बाहेरूनही ओळखू येते. सर्वांत पक्की खूण म्हणजे दोन्ही बाजू तोच आकडा किंवा तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहितात आणि तरीही पटत नाही. "४०० च आहे" आणि "४०० नाही" ही दोन वाक्यं एकाच साखळीत आली, म्हणजे दोघांच्या डोक्यातली मोजपट्टी वेगवेगळ्या जागी लागलेली आहे. तिथे आणखी फोटो, आणखी एक्सेल पाठवून काही होत नाही. दुसरी खूण म्हणजे "खालचा मेल पाहावा". आपण आधी लिहिलेलं समोरच्याला कळलेलं नाही हे लिहिणाऱ्याला जाणवलेलं असतं, तरी तो तेच वाचायला सांगतो.

सीसीत वरिष्ठ येऊ लागले की आधीच उशीर झालेला असतो. त्यानंतर प्रत्येक जण आपल्या साहेबांच्या डोळ्यांसमोर लिहितो आणि "हो, मी आतून धरलं होतं" हे साधं वाक्य लिहिणं अवघड होऊन बसतं.

साखळीला फाटे फुटणं हेही लक्षात ठेवा. कुणी तरी चार मेल मागच्या मेलवर रिप्लाय ऑल करतं, त्याच्या मेलखाली मधले मेल नसतात, आणि पुढचे दोघे त्यालाच उत्तर देतात. आता एकाच विषयावर दोन चर्चा चालू आहेत आणि दोन्ही पूर्ण वाचलेल्या असा माणूस बहुधा एकही नाही.

## फोन जिथे पुरत नाही

काही गोष्टी बोलून मिटल्या तरी लेखी असाव्याच लागतात. दर, पेमेंटची मुदत आणि मालाबद्दलची हरकत या त्यातल्या मुख्य.

खोकेवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. त्यात पेमेंटची मुदत लेखी करारात ठरलेली असली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांचा हिशेब लागतो. आलेल्या मालावर हरकत असेल तर तीही माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यावी लागते. तेव्हा सॅम्पल नसून पूर्ण लॉट आला असता आणि तो पॅलेटवर बसत नसता, तर "फोनवर सांगितलं होतं" एवढ्याने भागलं नसतं. अशा वेळी हरकतीचा मेल आधी पाठवायचा आणि मार्ग काढायला फोन नंतर करायचा.

आणि समोरचा नुसता गप्प असेल तर ती साखळीच नव्हे. त्याला एकट्याला फोन करून विचारा, सगळ्यांना जोडायची गरज नाही.

## फोनआधी कागदावर

लगेच नंबर फिरवू नका. तयारी न करता केलेल्या फोनवर तोच वाद तोंडी होतो, फक्त आवाज चढतो.

साखळी खालून वर वाचा, म्हणजे पहिल्या मेलपासून. फाटे फुटले असतील तर दोन्ही फाटे वाचा. वाचताना कागदावर तीन गोष्टी लिहीत जा: काय ठरलेलं आहे, काय अडलेलं आहे, आणि अडलेल्याचं उत्तर कुणाकडे आहे. आपल्या उदाहरणात तो कागद साधारण असा दिसेल.

> ठरलेलं: ५ प्लाय. खोक्यात एका थरात १२ बरण्या, ४ × ३.
>
> अडलेलं: ४०० × ३०० आतून की बाहेरून. पीओत लिहिलेलं नाही.
>
> बरणीचा व्यास – कारखाना. पुठ्ठ्याची जाडी – बुटीबोरी. पॅलेट – वाडी.
>
> शेवटचा शब्द – खरेदीच्या मॅडम.

"पीओत लिहिलेलं नाही" ही ओळ पीओ उघडून पाहिल्यावरच लिहायची. साखळीत "पीओप्रमाणे" असं कितीही वेळा आलेलं असलं, तरी पीओवर नजर टाकलेली असेलच असं धरून चालू नका.

मग आकडे स्वतः करून पाहा. पॅलेट १२०० × १००० चं आहे. बाहेरून ४०० × ३०० असलेले दहा खोके त्यावर एका थरात तंतोतंत बसतात: तीन-तीनच्या दोन रांगा, आणि उरलेल्या ४०० मिलिमीटरमध्ये आडवे फिरवून चार. ४०० हा आकडा मुळात इथूनच आलेला दिसतो. खोका ४१४ चा झाला की तीन खोक्यांचे १२४२ होतात आणि फिरवलेल्या चारांचे १२५६. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या कोपऱ्यांत असते. कोपरा पॅलेटच्या बाहेर लटकला की वरच्या थरांच्या वजनाने खालचा खोका दबतो आणि आतल्या बरण्यांवर भार येतो. म्हणजे वाडीवाले उगाच अडून बसलेले नाहीत.

फोनवर कोण हवं, तेही या कागदावरूनच ठरतं: ज्यांच्याकडे तुकडे आहेत ते, आणि ज्याचा शब्द शेवटचा ती व्यक्ती. इथे तुमच्यासह चार जण. दोन्ही साहेबांना फोनवर घेऊ नका, त्यांना नंतरचा मेल जाईल.

## मेल नव्याने लिहिणे

आता साखळीतला पुढचा मेल तुमचा. त्याचं काम वाद सोडवणं हे नाही, दहा मिनिटांत सुटेल असा करून ठेवणं हे आहे. सहसा असा मेल जातो:

> विषय: Re: Re: Fwd: सॅम्पल
>
> सर्वांना नमस्कार, खालील मेलच्या अनुषंगाने मापाबाबत बराच गोंधळ दिसतो. तरी सर्वांनी मिळून एकदा कॉल करून विषय मार्गी लावावा. कृपया आपली सोयीची वेळ कळवावी.

मेल सभ्य आहे, पण यातून आणखी पाच मेल निघतील. वेळ कुणी ठरवायची, कशावर बोलायचं, येताना काय मोजून यायचं, यातलं काहीच त्यात नाही. "गोंधळ" हा शब्दही टोचतो, कारण तो कुणाचा, हे प्रत्येक जण मनातल्या मनात ठरवून टाकतो.

तोच मेल असा लिहा:

> विषय: निर्णय हवा: लोणच्याच्या खोक्याचं माप आतून की बाहेरून. उद्या बुधवार, सकाळी ११, दहा मिनिटं फोन
>
> नमस्कार,
>
> ४०० × ३०० हे माप आतलं की बाहेरचं, ते पीओत लिहिलेलं नाही. बुटीबोरीने आतलं धरलं, वाडीने बाहेरचं. मोजमाप दोघांचंही बरोबर आहे.
>
> सॅम्पल बाहेरून ४१४ × ३१४ आहे. १२०० च्या पॅलेटवर तीन खोके ठेवले की १२४२ होतात.
>
> उद्या एकच गोष्ट ठरवायची आहे: बाहेरून ४०० × ३०० ठेवून आतलं माप ३८६ × २८६ करायचं का?
>
> फोनवर येताना हे हाताशी असू द्या:
>
> मॅडम: भरलेल्या, झाकण लावलेल्या बरणीचा सर्वांत रुंद भाग किती मिलिमीटर.
>
> बुटीबोरी: पुठ्ठ्याची नक्की जाडी, मापात किती कमी-जास्त होऊ शकतं, आणि छपाईचा स्टिरिओ बदलावा लागेल का.
>
> वाडी: पॅलेटचं टेपने घेतलेलं माप.
>
> ११ वाजता मी तिघांनाही जोडून घेतो. ११ जमत नसेल त्यांनी आज संध्याकाळपर्यंत कळवावं, मग दुपारी ४ ला बोलू. तोपर्यंत छपाई सुरू करू नये ही विनंती.

विषयाची ओळ बदलण्यामागे कारण आहे. जीमेलमध्ये विषय बदलला की नवं संभाषण सुरू होतं, त्यामुळे फाटे फुटलेली जुनी साखळी मागे राहते. जुन्या मेलचा संदर्भ लागेल असं वाटलं तर शेवटचा मेल खाली राहू द्या, पण तो वाचल्याशिवाय तुमचा मेल कळणार नाही असं व्हायला नको.

"मोजमाप दोघांचंही बरोबर आहे" हे वाक्य गाळू नका. आठवडाभर दोन माणसं आपण चुकलो नाही हे सिद्ध करण्यात गुंतली आहेत. ते ओझं उतरलं की उद्या फोनवर ती मापावर बोलतील. अर्थात हे खरं असेल तरच लिहायचं. कुणी खरंच चुकलं असेल तर फक्त वस्तुस्थिती लिहा, "चूक" हा शब्द न वापरता: "पीओत आतलं माप लिहिलं आहे, सॅम्पल बाहेरून ४०० आहे."

प्रश्न "हो" किंवा "नाही" म्हणता येईल असा असावा. "मापाबद्दल काय करायचं?" असं विचारलं की प्रत्येक जण आपली बाजू पहिल्यापासून मांडतो. "३८६ × २८६ करायचं का?" असं विचारलं की प्रत्येक जण आपल्याकडचा आकडा त्याला लावून पाहतो. यासाठी एक प्रस्ताव तुम्हाला मांडावाच लागतो. तो फोनवर पडला तरी हरकत नाही.

"हाताशी असू द्या" हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. फोन लांबतात ते बहुतेक "थांबा, बघून सांगतो" मुळे. पण मागताना नेमकं मागा. नुसतं "बरणीचा व्यास" लिहिलं तर कुणी रिकाम्या बरणीचा तळ मोजून येईल, आणि जागा अडवते ती झाकणाजवळची कड.

शेवटची ओळ निर्णय होईपर्यंत काय थांबवायचं, हे सांगते. "उत्तर आलं नाही तर संमती समजू" असं अशा मेलमध्ये लिहू नका. पुढे खर्च वाढला की हे वाक्य कुणालाच मान्य नसतं.

वेळ निवडताना समोरच्याचं काम लक्षात घ्या. गोदामात संध्याकाळी गाड्या भरायची घाई असते, तेव्हा टेप घेऊन खोक्याजवळ उभं राहणारं कुणी मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वारही तिन्ही ठिकाणी एकच असेल असं नाही, विचारून घ्या.

## फोनवर

पहिल्या मिनिटात मेलमधला प्रश्न तसाच वाचा आणि ज्याच्याकडे सगळ्यात खालचा तुकडा आहे त्याला आधी बोलू द्या. इथे तो बरणीचा, कारण बरणी लहान-मोठी करता येत नाही, बाकी सगळं थोडंफार सरकतं.

"मॅडम, बरणीचं माप किती भरलं?"

"झाकणापाशी ब्याण्णव. नऊ-दोन."

"म्हणजे लांबीत चार बरण्यांचे ३६८ आणि रुंदीत तिघांचे २७६. भाऊ, ३८६ × २८६ मध्ये पार्टिशनसकट बसते का जी?"

"बसते ना. पार्टिशन ३ मिलिमीटरचं आहे. लांबीत तीन लागतात, त्याचे नऊ. रुंदीत दोन, त्याचे सहा. रुंदीत चारच मिलिमीटर उरतात मात्र, आणि आमचं माप तीन इकडे-तिकडे होऊ शकते."

हा शेवटचा मुद्दा साखळीत कुठेच आला नव्हता, आणि मेलवर तो आलाही नसता, कारण तो विचारायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. उरलेल्या चारातून तीन गेले तर एकच मिलिमीटर राहतो. म्हणून निर्णयाला एक अट जोडली जाते: छपाईआधी विनाछापाचे दोन खोके बनवून त्यांत भरलेल्या बरण्या बसवून पाहायच्या.

आकडे बोलताना एक काळजी घ्या. आपल्याकडे एकाच फोनवर अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी चालतं, आणि मशीनच्या आवाजात "छियासी" आणि "छियासठ" सारखेच ऐकू येतात. मापाचा प्रत्येक आकडा सुटा-सुटा बोला, "तीन-आठ-सहा", आणि ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्या.

मध्येच कुणी "मुळात आधीच सांगायला हवं होतं" असं सुरू केलं तर वाद घालू नका. "ते पीओच्या नमुन्यात दुरुस्त करून घेऊ, आधी आजचं माप ठरवू" म्हणा आणि प्रश्नावर परत या. दहा मिनिटांत ठरलं नाही, तर कोणता आकडा कमी पडतो आहे ते ठरवा, तो कोण आणि कधी देणार ते ठरवा, आणि फोन ठेवा.

## फोननंतर लगेच

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात, त्याच नव्या विषयाच्या मेलवर रिप्लाय ऑल करा. आता दोन्ही साहेबांना सीसीत घ्या.

> आजच्या फोनवर ठरलं:
>
> खोका बाहेरून ४०० × ३००, आतून ३८६ × २८६ मिमी, ५ प्लाय. पार्टिशन ३ मिमी.
>
> बुटीबोरी: विनाछापाचे दोन खोके शुक्रवारपर्यंत हिंगण्याला.
>
> कारखाना: प्रत्येक खोक्यात भरलेल्या २४ बरण्या दोन थरांत बसवून शनिवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवणार.
>
> खरेदी विभाग: हो आल्यावर पीओत दुरुस्ती. त्यानंतरच छपाई.
>
> यात काही वेगळं ठरलं असं वाटत असेल तर उद्या दुपारपर्यंत इथेच लिहावं.

फोनवर कोण काय म्हणालं, हे यात नको. काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, एवढंच हवं. आणि जे ठरलंय ते आपल्या भाषेत "बाहेरून" आणि "आतून" असं पूर्ण लिहा. आयडी-ओडी खोकेवाल्यांना लगेच कळतं, पण गोदामातल्या नव्या माणसाला कळेलच असं नाही.

एवढ्यावर थांबू नका. बुटीबोरीच्या मशीनवर उभा असलेला माणूस हे मेल वाचत नाही, त्याच्या हातात पीओ आणि ड्रॉइंग असतं. दुरुस्त पीओत मापासमोर "बाहेरून" असं छापून आलं का ते पाहा, ड्रॉइंगवर बाण खोक्याच्या बाहेरच्या कडेपासून काढलेले आहेत का ते पाहा, आणि आतून ४०० × ३०० धरलेलं जुनं ड्रॉइंग तिन्ही ठिकाणांहून रद्द झालं की मगच छपाईला हिरवा कंदील द्या.